एक्क्याण्णव नगांचं बंडल

अर्धा इंची जीआय पाइपचं नवं बंडल गोडाऊनमध्ये उतरलं की त्याच्या एका टोकाला तारेने अडकवलेला बिल्ला दिसतो. त्यावर माप, लांबी, वजन आणि नगांचा आकडा असतो. हिशेबाला सोपा म्हणून तो आकडा 90 किंवा 100 असावा असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच मिलांच्या बंडलावर तो 91 असतो. जाड पाइप घेतला तर 61 किंवा 37 दिसतो, आणखी जाड घेतला तर 19. डझनात न बसणारे, शेकड्यात न बसणारे हे आकडे कुणी हौसेने निवडलेले नाहीत. गोल वस्तू एकमेकींना घट्ट चिकटवून बांधायच्या ठरवल्या की हेच आकडे निघतात.

बंडलाच्या तोंडाशी उभं राहून नीट पाहिलं तर गोल भोकांचा एक षटकोन दिसतो. सर्वांत खालच्या थरात 6 पाइप, त्याच्या वर 7, मग 8, 9, 10, मधल्या थरात 11, आणि तिथून पुन्हा उतरती भाजणी: 10, 9, 8, 7, 6. एकूण थर 11 आणि बेरीज 91. पाइप मिलमध्ये बंडल बांधणाऱ्या यंत्रालाही याच क्रमाने पाइप मोजून दिलेले असतात. पहिला थर पाळण्यासारख्या साच्यात घरंगळत येतो, त्याच्या खाचांत दुसरा बसतो, आणि अकरावा थर बसला की लोखंडी पट्ट्या आवळल्या जातात.

माल उतरवून घेणाऱ्याने मात्र 91 भोकं बोटाने मोजू नयेत. पन्नाशीच्या आसपास कुणीतरी हाक मारतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. त्यापेक्षा षटकोनाची एक बाजू मोजावी. आपल्या बंडलात ती 6 पाइपांची आहे. मग 6 ला त्याच्या आधीच्या आकड्याने, म्हणजे 5 ने गुणायचं, आलेल्या 30 ची तिप्पट करायची आणि त्यात 1 मिळवायचा. झाले 91. बाजू 5 ची असेल तर पाच चोक वीस, त्याची तिप्पट 60, अधिक एक, म्हणजे 61. बाजू 4 ची असेल तर 37.

ही युक्ती का चालते, हे खडू घेऊन बंडलाच्या तोंडावर दाखवता येतं. अगदी मधल्या पाइपवर फुली मारा. उरलेल्या 90 पाइपांचे तीन सारखे तिरके चौकोन पडतात, प्रत्येकात 5 पाइपांच्या 6 ओळी. तीन चौकोन त्या एका पाइपभोवती पंख्याच्या पात्यांसारखे बसलेले असतात. तीन वेळा 30 आणि मधला एक.

दुसऱ्या बाजूनेही तिथेच पोचता येतं. एक पाइप घ्या आणि त्याच्याभोवती त्याच मापाचे पाइप चिकटवत जा. बरोबर सहा बसतात. सातव्याला जागा उरत नाही आणि सहांत फटही राहत नाही. कारण असं की एकमेकांना टेकलेल्या कोणत्याही तीन सारख्या पाइपांचे मध्यबिंदू जोडले तर समभुज त्रिकोण होतो, त्याचा प्रत्येक कोन 60 अंशांचा, आणि सहा वेळा 60 म्हणजे पूर्ण 360. पाइप अर्धा इंची असो की फूटभर रुंद, हे सहा बदलत नाहीत. खिशातली सात सारखी नाणी टेबलावर मांडून कुणालाही हे पाहता येईल. पुढचं वेढं 12 पाइपांचं होतं, त्यानंतरचं 18 चं, मग 24 आणि 30. प्रत्येक वेढ्यात आधीच्यापेक्षा सहा जास्त, कारण षटकोनाच्या सहाही बाजू एकेका पाइपने वाढतात. म्हणून एकूण आकडे होतात 1, 7, 19, 37, 61, 91, 127.

याच आकड्यांची माळ आपल्या डोक्यावरून जाते, हे सहसा लक्षात येत नाही. विजेच्या उघड्या लाइनसाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाहक तारांना प्राण्यांची नावं आहेत. ‘रॅबिट’मध्ये पोलादाची 1 तार आणि भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या 6, म्हणजे 7. ‘पँथर’मध्ये पोलादाच्या 7 आणि अ‍ॅल्युमिनियमच्या 30, म्हणजे 37. मोठ्या मनोऱ्यांवरच्या ‘झेब्रा’त पोलादाच्या 7 आणि अ‍ॅल्युमिनियमच्या 54, म्हणजे 61. ते 54 म्हणजे 12, 18 आणि 24 यांची बेरीज. सगळ्या तारा सारख्या जाडीच्या असल्या की त्यांनाही दुसरा पर्याय नसतो. एकच फरक आहे. तारांचे वेढे पिळलेले असतात, त्यामुळे बाहेरून दोर गोल दिसतो, तर सरळ पाइपांच्या बंडलाला सहा कोपरे राहतात.

आता मिलवाले 61 वर थांबणार की 127 वर, हे ठरतं ते वजनावर. अर्धा इंची मीडियम पाइपचं वजन मीटरला सव्वा किलोच्या आसपास धरलं, तर 6 मीटरचा एक नग साडेसात किलोचा होतो आणि 91 नगांचं बंडल पावणेसातशे किलोंच्या घरात जातं. दोन इंची पाइप मीटरला पाच किलोंच्या आसपास, म्हणून त्याचे 37 नगच टनाच्या वर जातात. क्रेनच्या किंवा हॉइस्टच्या एका उचलीत किती झेपेल हे आधी पाहायचं, आणि मग त्या माळेतला जवळचा आकडा घ्यायचा.

इथे एका गोष्टीकडे लक्ष हवं. अर्धा इंच हे पाइपच्या पोटाचं नावापुरतं माप आहे. बाहेरून तो 21.3 मिलिमीटर भरतो, म्हणजे इंचाला थोडाच कमी. बंडलाची रुंदी काढताना अर्धा इंच गुणिले 11 केलं तर उत्तर साडेपाच इंच येतं आणि प्रत्यक्षात बंडल 23 सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंचांच्या वर निघतं. रॅकचे खांब आधी ठोकून झालेले असले तर ही चूक महागात पडते. रचाईचा कुठलाही हिशेब बाहेरच्या व्यासावर करायचा.

चौकोनी बंडल का बांधत नाहीत, याचंही उत्तर बंडलापाशीच मिळतं. समजा 90 पाइप 9 च्या 10 थरांत, डोक्यावर डोकं ठेवून रचले आणि पट्टी आवळली. वरचा पाइप खालच्याच्या माथ्यावर तोलून उभा आहे. पट्टीचा ताण जरा एका अंगाला जास्त पडला की तो बाजूच्या खाचेत घसरतो, सगळे थर एकमेकांवरून सरकतात आणि चौकोन एका बाजूला कलतो. घसरल्यावर आतला माल कमी जागा व्यापतो, म्हणून मघाशी आवळलेली पट्टी सैल पडते. षटकोनात घसरायला जागाच नसते. प्रत्येक पाइप आधीच खाचेत बसलेला असतो आणि पट्टी जितकी आवळावी तितके सगळे आत दाबले जातात. शिवाय पट्टीही कमी लागते. 91 पाइपांच्या षटकोनाला एक फेरा सुमारे 71 सेंटिमीटरचा, तर 90 पाइपांच्या चौकोनाला 79 सेंटिमीटरचा.

पण गोडाऊनमध्ये सगळंच काही पूर्ण षटकोनात नसतं. फोडलेल्या बंडलाचे पाइप जमिनीवर रचलेले असतात, खाली रुंद आणि वर अरुंद. तळाच्या थरात 15, सर्वांत वर 6. एकूण किती? तळ आणि माथा मिळवा, 21. थर मोजा, 10. एकवीस दाहे दोनशे दहा, त्याचे निम्मे 105. लगेच एक पडताळाही घेता येतो. प्रत्येक थर खालच्यापेक्षा एकाने कमी असेल, तर थरांची संख्या ही तळ वजा माथा अधिक एक इतकीच यायला हवी: 15 वजा 6 म्हणजे 9, अधिक 1 म्हणजे 10. मोजताना थर 9 भरले तर कुठेतरी एका थरात दोन पाइपांची पायरी पडली आहे. कुणीतरी कडेचा नग ओढून नेला आहे किंवा रचणाऱ्याने तो ठेवलाच नाही. मग तेवढा थर शोधून वेगळा मोजायचा. मोडका षटकोन असेल तर सर्वांत रुंद थरापाशी त्याचे दोन तुकडे पाडायचे. समजा तळाला 7, वाढत 12, मग उतरत माथ्याला 8. खालच्या तुकड्यात 7 ते 12 असे सहा थर, म्हणजे 19 गुणिले 6 भागिले 2, 57. वरच्यात 11 ते 8 असे चार थर, 19 गुणिले 4 भागिले 2, म्हणजे 38. एकूण 95. रुंद थर दोन्ही तुकड्यांत मोजला जाणं ही नेहमीची चूक, आणि मग चलनापेक्षा बरोबर 12 नग जास्त भरतात.

पहिलं आणि शेवटचं मिळवून निम्मं करायचं आणि पदांच्या संख्येने गुणायचं, ही रीत भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त श्रेढीच्या प्रकरणात दिली आहे. तिथे शेवटच्या पदाला अंत्यधन, मधल्या सरासरीला मध्यधन आणि बेरजेला सर्वधन म्हटलंय. चाळीसगावजवळच्या पाटण गावच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचीही. त्याच ‘लीलावती’त धान्याच्या राशी, विटांची रचाई आणि करवतीने लाकूड कापण्याची मजुरी यांचेही हिशेब आहेत. गोडाऊनच्या मुनीमाला त्या पुस्तकात परकं वाटेल असं फारसं काही नाही.

मोजणी झाली. आता घट्टपणा. खाचेत रचलं की कमी जागा लागते हे डोळ्यांना दिसतं, पण नेमकी किती कमी? डोक्यावर डोकं अशी रचाई केली तर एका थरावर दुसरा थर चढताना उंची एका पूर्ण पाइपने वाढते. 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप असेल तर 110 ने. खाचेत बसवला तर तोच पाइप खाली उतरतो आणि उंची फक्त 95.3 ने वाढते. हा आकडा त्या समभुज त्रिकोणाची उंची आहे, बाजूच्या 0.866 पट. रुंदीत काहीच बदल झाला नाही, थर तेवढा 13.4 टक्क्यांनी खाली आला. दर थरामागे 14.7 मिलिमीटर वाचले.

हेच फटींच्या बाजूने पाहता येतं. चौकोनी रचाईत चार पाइपांच्या मधोमध चार कोनांची मोठी फट राहते. प्रत्येक पाइपच्या वाट्याला जितकी जागा येते तिच्यातली 78.5 टक्के पाइप व्यापतो आणि 21.5 टक्के वाया जाते. खाचेच्या रचाईत फट तीन कोनांची आणि लहान असते. पाइप 90.7 टक्के जागा व्यापतो आणि वाया जाते 9.3 टक्के. म्हणजे वाया जाणारी जागा निम्म्याहून कमी झाली. कडांचा विचार सोडला, तर तेवढ्याच जागेत 15.5 टक्के जास्त पाइप मावतात.

याहून घट्ट काही नसेलच कशावरून? एखादी वेडीवाकडी, कुठेही सारखी नसलेली रचना दोन टक्के जास्त देत असेल तर? हमालाला हा प्रश्न पडत नाही, गणितज्ञांना तो बराच काळ पडला होता. 1773 मध्ये लाग्रांज याने दाखवलं की ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या नियमित रचनांत षटकोनीच सर्वांत घट्ट. अनियमित रचनांसाठी नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल थू यांनी 1890 मध्ये आणि पुन्हा 1910 मध्ये सिद्धता मांडली, पण तीत त्रुटी आहेत असं मानलं गेलं. हंगेरीच्या लास्लो फेयेश टोथ यांनी 1940 च्या सुमारास ती पुरी केली. सपाट पृष्ठावर सारखी वर्तुळं कशीही मांडली तरी 90.7 टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. मात्र ही सिद्धता ज्या पृष्ठाला कडा नाही त्याची आहे. आपल्या रॅकला कडा असते, आणि घोळ तिथेच होतो.

दुकानदार लोखंडी अँगलचा पिंजरा बनवून घेतो, त्याचं उदाहरण घेऊ. पिंजऱ्याचं तोंड आतून 56 सेंटिमीटर गुणिले 56 सेंटिमीटर, पाइप 110 मिलिमीटरचा. डोक्यावर डोकं रचलं तर 5 थर, प्रत्येकी 5, एकूण 25. पिंजऱ्याच्या भिंती दोन्ही बाजूंनी असल्यामुळे थर घसरतही नाहीत. आता खाचेत रचून पाहा. तळाला 5, त्यांच्या मध्ये 4 खाचा, म्हणून दुसऱ्या थरात 4, मग 5, 4, 5. एकूण 23. थर खाली बसल्यामुळे वर सात सेंटिमीटर जागा उरते, पण तिच्यात अकरा सेंटिमीटरचा पाइप जाणार नाही. ‘घट्ट’ रचाईने दोन नग कमी बसवले.

कारण उघड आहे. दर दुसऱ्या थरात दोन्ही कडांना अर्ध्या अर्ध्या पाइपची जागा मोकळी सुटते, म्हणजे थरामागे एक नग जातो. त्या बदल्यात उंचीत दर चढाईला 14.7 मिलिमीटर मिळतात. ते साठून पूर्ण एक पाइप, म्हणजे 110 मिलिमीटर होईपर्यंत हाती काही लागत नाही. सात चढायांत 103 होतात, अजून अपुरे. आठव्या चढाईला 118 होतात आणि एक अख्खा थर फुकट मिळतो. म्हणून पारडं फिरतं ते 8 गुणिले 8 च्या पिंजऱ्याला. तोंड 89 सेंटिमीटरचं असेल तर चौकोनी रचाईत 64 मावतात. खाचेच्या रचाईत नऊ थर बसतात, 8 आणि 7 आलटून पालटून, पाच थर आठांचे आणि चार सातांचे, एकूण 68. उंची भरते 872 मिलिमीटर. मीटरभराच्या पिंजऱ्यात 81 विरुद्ध 85. पिंजरा जसा मोठा, तशी कडांची झळ कमी, आणि फायदा हळूहळू त्या 15 टक्क्यांकडे सरकतो.

कडांची झळ जवळजवळ पुसूनही टाकता येते. रॅक 2 मीटर 20 सेंटिमीटर रुंद असेल तर तळाला बरोबर 20 पाइप बसतात आणि वरच्या थरात 19. मीटरभर उंचीत दहा थर येतात, एकूण 195. तोच रॅक 2 मीटर 26 सेंटिमीटर केला, म्हणजे अर्धा पाइप आणि वर चिमूटभर जागा दिली, तर पहिला थर डाव्या भिंतीला टेकतो, दुसरा उजव्या, आणि दोन्हींत 20 पाइप बसतात. एकूण 200. डोक्यावर डोकं रचलं असतं तर दोन्ही रॅकांत 180 च. फॅब्रिकेटरला माप देताना व्यासाच्या पूर्ण पटीवर अर्धा व्यास वाढवून सांगावा, इतकीच ही अक्कल आहे. त्यात पाच-सहा मिलिमीटर सूट ठेवावी, कारण 110 चा पाइप थोडा जास्तही भरू शकतो आणि वीस नगांत तो ‘थोडा’ जाणवतो.

जागेचा हा फायदा कुणाला खरोखर मिळतो, हे मालावर ठरतं. पीव्हीसीचा हलका 110 चा पाइप सहा मीटरला सात-आठ किलोंचा असतो. असे 200 पाइप दीड टनाच्या आसपास. गाडी जागेने भरते, वजनाने नाही, म्हणून तिथे प्रत्येक वाढीव थर भाड्यात दिसतो. पाइपात पाइप घालून पाठवण्याची पद्धतही यातूनच आली. याच आकाराचा चार इंची लोखंडी पाइप मात्र मीटरला 12 किलोंच्या आसपास, म्हणजे नग 72 किलोंचा. दहा टनांच्या गाडीत 138 नग भरले की वजनकाट्यावर काम संपलं, मग वर कितीही जागा उरो. लोखंडाला षटकोन हवा असतो तो बांधणी घट्ट राहावी म्हणून.

पीव्हीसीला आणखी एक अडचण असते, त्याचं एक तोंड सॉकेटसाठी फुगवलेलं असतं. सगळे सॉकेट एकाच बाजूला ठेवले तर त्या बाजूने थर उंच होत जातात, पाइप मधे अधांतरी राहतात आणि उन्हात कायमचे वाकतात. म्हणून एका थराचे सॉकेट उजवीकडे तर पुढच्याचे डावीकडे ठेवायचे, आणि ते शेजारच्या सरळ टोकांच्या बाहेर काढायचे. मग मधली लांबी खरोखर एकमेकींना टेकते आणि वरचे सगळे हिशेब लागू पडतात.

खाचेची रचाई एक किंमत मात्र वसूल करते. वरचा पाइप खालच्या दोघांच्या मध्ये पाचरीसारखा बसतो आणि त्यांना बाजूला रेटतो. घर्षण बाजूला ठेवलं तर आपल्या वजनाच्या 29 टक्के जोराने डावीकडे आणि तितक्याच जोराने उजवीकडे. आत हे जोर एकमेकांना मारतात, कडेला मात्र उत्तर द्यायला कुणी नसतं. 72 किलोंच्या एका पाइपाचा रेटा वीस-एकवीस किलोंचा, आणि वर थर चढत जातात तसा तो साठत जातो. जमिनीवरच्या चळतीत हा सगळा भार तळाच्या दोन टोकांच्या पाइपांखाली ठोकलेल्या लाकडी गुटक्यांवर असतो. गुटका निघाला की तळ फाकतो आणि वरचे पाइप समोर येतात. तळाच्या थरात मधेच एक फट दिसायला लागली किंवा कडेचा गुटका कलंडलेला दिसला, तर तळ सरकू लागला आहे असं समजावं आणि माल वरून उतरवायला घ्यावा. बंडलाची पट्टी कापतानाही माणूस बाजूला नको, टोकाकडे हवा. पट्टी तुटली की षटकोन बाजूंनी ढासळतो.

ओंडक्यांकडे वळलं की ही सगळी शिस्त मोडते. ओंडके सारख्या जाडीचे नसतात, बुडाशी जाड आणि शेंड्याला बारीक असतात, वाकलेले, गाठी असलेले, सालीसकटचे असतात. कागदावर असं वाटू शकतं की बारीक ओंडके जाडांच्या फटींत बसून ढीग 90 टक्क्यांच्याही पुढे जाईल. पण तीन सारख्या गोलांच्या मधल्या फटीत मावतो तो फार तर त्यांच्या व्यासाच्या 15 टक्के जाडीचा. फूटभर जाडीच्या ओंडक्यांमध्ये दोन इंचांची काठी सुद्धा धड जात नाही. प्रत्यक्षात रचलेल्या जळाऊ लाकडाच्या ढिगात खरं लाकूड दोन तृतीयांशाच्या आसपासच भरतं, उरलेली हवा. म्हणून लाकूड ढिगाच्या मापाने विकत घेणाऱ्याने ढीग कसा रचलाय ते पाहावं. आडवे-तिडवे टाकलेले तुकडे ढिगाला फुगवतात.

इमारती लाकडात म्हणूनच रचाईवरून हिशेब करतच नाहीत. बल्लारशासारख्या सागाच्या डेपोत ओंडके लॉट लावून मांडलेले असतात आणि प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर त्याचा नंबर असतो. लांबी आणि मधला घेर टेपने घेतात. घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. घेर 120 सेंटिमीटर असेल तर चौथा हिस्सा 30, वर्ग 900 चौरस सेंटिमीटर, आणि 3 मीटर लांबीला 0.27 घनमीटर. खरा गोल धरला तर तोच ओंडका 0.344 घनमीटर भरतो. चौथाई घेराची रीत त्यातले 78.5 टक्केच मोजते. हा आकडा वर आलेला आहे, चौकोनी रचाईत पाइप व्यापतो तेवढ्या जागेचा. दोन्हीकडे तो पायचा चौथा भाग आहे, पण इथे कारण वेगळं आहे. गोल ओंडका करवतीखाली चौकोनी करताना चारही अंगांनी जे काप निघून जातात, त्यांची सूट घेणाऱ्याला या रीतीतच मिळून जाते.